कामावर तात्पुरतं उशिरा येण्याची परवानगी: नव्या आईने वरिष्ठांना लिहायचं पत्र

बँकेच्या प्रशासन विभागात मी बरीच वर्षं होते. बाळंतपणाची रजा संपवून रुजू झालेल्या मुलींचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. त्यातला ठरलेला मजकूर असा असायचा: ‘माझे बाळ लहान असून रात्री वारंवार उठते. त्यामुळे मला सकाळी वेळेवर येणे अवघड होत आहे. तरी माझी अडचण समजून घेऊन सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’ यातलं एकही वाक्य खोटं नसतं. तरीही असा अर्ज टेबलावर पडून राहतो. सहकार्य करायचं म्हणजे नेमकं काय, किती वाजता आलेलं चालेल, कधीपर्यंत आणि तोवर सकाळचं काम कोणी करायचं, यातलं काहीच वाचणाऱ्याला कळत नाही. शाखाधिकाऱ्याला होकार द्यायचा असला तरी कशाला द्यायचा, हे आधी त्यालाच शोधून काढावं लागतं. म्हणून पत्र असं हवं की वाचणाऱ्याने खाली सही केली की दुसऱ्या दिवशी शाखा सुरळीत चालेल. ते कसं लिहायचं, हे इथे एका उदाहरणातून दाखवते.

उदाहरण पुण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेतलं धरू. ती कर्ज विभागात अधिकारी आहे, धायरीला राहते आणि शाखा पेठेत आहे. बाळ सात महिन्यांचं आहे. मे महिन्यात ती रुजू झाली. कर्मचाऱ्यांची वेळ पावणेदहा ते पावणेसहा. पाळणाघरात बाळाला सोडून वेळेत पोचायचं तर पावणेनऊला घर सोडावं लागतं.

आधी रात्रीची नोंद

पत्र लिहिण्याआधी आठवडा-दहा दिवस एक साधी नोंद ठेवा. उशाशी वही ठेवली तरी चालेल, मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. बाळ कधी झोपलं, कधी उठलं, पुन्हा कधी झोपलं आणि तुम्हाला स्वतःला कधी झोप लागली, एवढंच लिहायचं. ही नोंद पत्राला जोडायची नाही आणि कुणाला दाखवायचीही नाही. आपल्याला नेमकी किती आणि कुठली वेळ हवी आहे, हे तुम्हाला त्यातून कळतं.

आपल्या उदाहरणातल्या आईच्या नोंदीत साधारण असं दिसलं. बाळ नऊला झोपतं. साडेअकराला, पावणेदोनला आणि चारला उठतं. साडेचारला दूध पिऊन पुन्हा झोपलं की सव्वासातपर्यंत उठत नाही. म्हणजे बाळाची पहाटेची झोप सगळ्यांत लांब आहे आणि नेमकी तीच आईला मिळत नाही, कारण डबा, दूध काढून ठेवणं, बाळाची पिशवी भरणं या सगळ्यासाठी तिला साडेपाचला उठावं लागतं. झोपेचं एक चक्र ढोबळमानाने दीड तासाचं असतं. साडेचार ते साडेपाच या तासात ते पूर्ण होत नाही. तिला साडेसहापर्यंत झोपता आलं तर ते पूर्ण होतं. एक तास मागायचा तो एवढ्यासाठी, आणि नोंद नसती तर तिने कदाचित अंदाजाने अर्धा तास मागितला असता. साडेचारनंतर पुन्हा झोप लागायलाही वेळ जातो, त्यामुळे अर्ध्या तासाने तिला फारसा फरक पडला नसता.

रात्रीची झोप घड्याळाप्रमाणे सहा तास भरत असेल आणि तरीही सकाळी डोळे उघडत नसतील, तर त्याचं कारण बहुधा हेच असतं. तुकड्या-तुकड्यांनी झालेल्या सहा तासांत गाढ झोप फार थोडी पदरात पडते.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच सांगते. मिळालेला तास झोपेचा होणार की पोळ्यांचा, हे घरात आधी ठरवा. साहेबांनी तास दिला आणि तो ‘आता वेळ आहेच तर दोन्ही वेळची भाजी करून जा’ यात गेला, तर पत्राचा उपयोग शून्य. उदाहरणातल्या घरात त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. साडेअकराच्या उठण्याला नवरा उठेल आणि काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजेल, म्हणजे तिला साडेनऊ ते पावणेदोन सलग झोप मिळेल. आणि संध्याकाळी पाळणाघरातून बाळाला तोच आणेल, कारण पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि उशिरा येणारी बाई उशिराच सुटणार. खरं तर या पहिल्या बदलाने तिला जेवढी झोप मिळाली तेवढी साहेबांच्या होकारानेही मिळाली नाही. पण तो घरातला विषय झाला, पत्रात त्याचा उल्लेख येत नाही.

नोंद ठेवताना आणखी एक पाहा. बाळ झोपलेलं असताना, शेजारी दुसरं कुणी लक्ष ठेवायला असताना, तरीही तुम्हाला झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर प्रश्न ऑफिसच्या वेळेचा राहिलेला नाही. तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरचं नैराश्य काही महिन्यांनीही डोकं वर काढतं. नुसता थकवा हटत नसेल तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतर दोन्हींत बिघाड होऊ शकतो. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

किती दिवस मागायचे

साहेबांच्या मनातला पहिला प्रश्न ‘आणि हे संपणार कधी?’ हाच असतो. ‘बाळ नीट झोपायला लागेपर्यंत’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण ते कुणाच्याच हातात नाही. पत्रात तारीख हवी.

तारीख ठरवायला बाळाच्या जागण्याचं कारण थोडं समजून घ्यावं लागतं. आई दिवसभर बाहेर राहू लागली की बरीच अंगावर पिणारी बाळं दिवसा वाटीतलं दूध नाममात्र पितात आणि रात्री आई जवळ आली की कसर भरून काढतात. म्हणून रजेत तीन तासांनी उठणारं बाळ आई रुजू झाल्यावर दोन तासांनी उठायला लागतं, आणि ‘सहा महिने झाले, आता तर झोपायला हवं’ असं सगळे म्हणत असताना रात्री उलट बिघडतात. त्यातच सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं, दात येऊ लागतात. दिवसा बाळ दुसऱ्याच्या हातून नीट खाऊ-पिऊ लागलं की रात्रीचं पिणं हळूहळू कमी होतं. याला काही आठवडे लागतात. प्रत्येक बाळाचं गणित वेगळं असतं, त्यामुळे हमी कुणी देऊ नये आणि पत्रात तर मुळीच देऊ नये.

माझा अनुभव असा की सहा आठवडे हा मागायला बरा काळ. दोन आठवडे मागितले तर घडी बसेपर्यंत संपतात. तीन-चार महिने मागितले तर शाखाधिकारी स्वतःच्या अधिकारात देत नाही, तो अर्ज मुख्य कार्यालयाकडे पाठवतो आणि तिथून उत्तर यायला वेळ लागतो. सहा आठवड्यांच्या मध्ये एक आढाव्याची तारीखही घालावी. ती दोघांच्याही सोयीची असते: काही अडलं तर साहेबांना मधेच बोलता येतं आणि तुम्हालाही.

सकाळचं काम कोणाकडे

हे पत्राचं खरं पोट आहे, आणि बहुतेक अर्जांत नेमकं हेच नसतं.

पावणेदहा ते पावणेअकरा या तासात तुमच्याकडे जे जे येतं ते कागदावर उतरवा. उदाहरणातल्या आईची यादी छोटीच होती: तिजोरीची चावी, कर्जाच्या चौकशीला येणारे ग्राहक आणि आदल्या दिवशीच्या कर्जप्रस्तावांची छाननी.

छाननी कधीही करता येते. चौकशीच्या टेबलावर शेजारचा सहकारी तासभर बसू शकतो. अडचण चावीची. बँकेची तिजोरी दोन चाव्यांनी उघडते आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एक रोखपालाकडे आणि दुसरी हिच्याकडे. ती पावणेअकराला आली तर तोवर रोख बाहेर निघणार नाही आणि काउंटर सुरूच होणार नाही. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, ‘सकाळी तिजोरी उघडण्यासाठी माझी चावी सहकाऱ्याकडे देईन.’ हे चालत नाही. सकाळी एकाकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे अशी चावी फिरू लागली तर तिजोरीत काही कमी-जास्त झाल्यास जबाबदार कोण, हे ठरवता येत नाही. म्हणून चावी द्यायची तर सहा आठवडे पूर्णपणे द्यायची, रजिस्टरला दोघांच्या सह्यांनी नोंद करायची आणि शाखाधिकाऱ्याचा तसा लेखी आदेश घ्यायचा. पत्रात हे एक वाक्य आलं की साहेबांना कळतं, हिने विचार करून अर्ज दिलाय.

मग मोबदल्यात काय द्यायचं? इथे बऱ्याच जणी ‘घरून काम करीन’, ‘शनिवारी येईन’ असं भरमसाट कबूल करतात आणि तिसऱ्या आठवड्यात मोडून पडतात. जेवढा उशीर तेवढंच थांबणं पुरे. उदाहरणातली आई पावणेसातपर्यंत थांबणार होती. त्या वेळात शाखेचं दिवसअखेरचं काम चालतं, अहवाल काढून ताळमेळ बघावा लागतो आणि त्यासाठी कुणीतरी अधिकारी रोज नाइलाजाने थांबतच असतो. त्याचं थांबणं टळलं तर तो सकाळी तिचं टेबल आनंदाने सांभाळील. सौदा दोघांना परवडला पाहिजे. सहकाऱ्याशी आधी बोला, त्याचा होकार घ्या आणि मगच त्याचं नाव पत्रात घाला. आपलं नाव साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकणारा सहकारी पुढे सहकारी राहत नाही.

तुमचं काम वेगळं असेल तर अडणारी गोष्टही वेगळी असेल. शिक्षिकेला पहिला तास आणि प्रार्थनेच्या वेळची हजेरी सोडवावी लागते. तिथे मुख्याध्यापकांपुढे बदललेलं वेळापत्रकच ठेवावं. कारखान्यात एका माणसासाठी पाळी सरकवता येत नाही, त्यामुळे तिथे उशिरा येण्यापेक्षा जनरल शिफ्ट मागणं शहाणपणाचं. आयटीतल्या मुलींना हे सगळ्यांत सोपं असतं असं वाटतं, पण सकाळची रोजची मीटिंग आड येते. ती हलवायला सांगण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी आपला अहवाल लिहून पाठवते, असं म्हणावं.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

उशिरा येण्याचा हक्क कायद्यात नाही. हे माहीत असलं की पत्राचा सूर आपोआप बरोबर लागतो.

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर परस्परसंमतीने घरून काम करता येईल, अशी तरतूदही तेव्हाच आली. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा बाळाला पाजण्यासाठी वेळ मिळतो. बाळंतपणातून उद्भवलेलं आजारपण असेल तर वैद्यकीय पुराव्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट आहेत.

म्हणजे पाजण्याची वेळ हा हक्क आहे आणि उशिरा येणं ही विनंती. दोन्हींची गल्लत करू नका. ‘उशिरा येतेस ना, मग मधले ब्रेक कशाला?’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. दिवसभर दूध काढलं नाही तर छाती भरून दुखते, गाठी होतात, ताप येतो, आणि दूध कमी झालं की बाळाचं दिवसाचं पिणंही घटतं. रात्री मग आणखी वाईट. उलट बाजूने, पत्रात कलमं आणि अधिनियम लिहून सुरुवात करू नका. ज्या गोष्टीचा हक्क नाही तिच्यासाठी कायद्याचा दाखला दिला की साहेब ते पत्र सरळ कायदा विभागाकडे पाठवतात.

आधी बोलणं, मग पत्र

पत्र थेट टेबलावर ठेवू नका. आधी पाच मिनिटं भेटा. वेळ निवडताना बँकेत तिमाहीअखेर आणि मार्च टाळा, सोमवार सकाळ टाळा. दुपारी काउंटर शांत झालं की जा. बोलायचं एवढंच: ‘सर, सहा आठवड्यांसाठी मला एक तास उशिरा यायचं आहे. सकाळच्या कामाची व्यवस्था मी सुचवली आहे. लेखी देऊ का?’

इथे एक उत्तर हमखास येतं, आणि ते बाईसाहेबांकडूनही येतं: ‘अगं, आम्हीही मुलं वाढवली. सगळ्यांचीच मुलं रात्री उठतात.’ यावर बाळाबद्दल वाद घालू नका. आमचं जास्तच उठतं, हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. ‘हो मॅडम, म्हणूनच थोड्याच दिवसांसाठी मागतेय’ म्हणा आणि बोलणं पुन्हा वेळेवर आणा.

पत्र

दि. १८ जून

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय: दि. ६ जुलै ते १४ ऑगस्ट या काळासाठी कामाची वेळ स. १०.४५ ते सायं. ६.४५ करण्याबाबत.

महोदय,

दि. १६ जून रोजी आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार हा अर्ज सादर करीत आहे.

प्रसूती रजेनंतर मी मे महिन्यात रुजू झाले. माझे बाळ सात महिन्यांचे आहे. मी कामावर येऊ लागल्यापासून त्याचे रात्रीचे जागणे वाढले असून गेले काही आठवडे मला सलग झोप मिळालेली नाही. कर्ज छाननीच्या कामात अचूकता टिकावी, यासाठी मला पहाटेच्या विश्रांतीची काही काळ आवश्यकता आहे.

म्हणून वरील सहा आठवड्यांसाठी माझी वेळ एक तासाने पुढे सरकवावी, ही विनंती. कामाचे एकूण तास तेवढेच राहतील. या काळातील कामाची व्यवस्था पुढीलप्रमाणे सुचवीत आहे.

तिजोरीची माझ्याकडील चावी संपूर्ण सहा आठवडे श्री. (सहकाऱ्याचे नाव) यांच्याकडे राहावी. आपला आदेश झाल्यावर दि. ४ जुलै रोजी रजिस्टरमध्ये नोंद करून मी चावी सुपूर्द करीन. सकाळी १०.४५ पर्यंत कर्ज चौकशीचे टेबल तेच पाहतील. त्याऐवजी सायंकाळचे दिवसअखेरचे अहवाल तपासून बंद करण्याचे त्यांचे काम मी करीन. या दोन्हीस त्यांची संमती आहे. कर्जप्रस्तावांची छाननी नेहमीच्याच मुदतीत पूर्ण होईल.

दि. २४ जुलै रोजी आपल्या सोयीने या व्यवस्थेचा आढावा घ्यावा. कामात काही अडचण दिसल्यास आपण सुचवाल तो बदल करण्यास मी तयार आहे. सोमवार, दि. १७ ऑगस्टपासून मी नेहमीच्या वेळेवर रुजू होईन.

मंजुरी मिळाल्यास हजेरी यंत्रात वरील काळासाठी बदललेल्या वेळेची नोंद करण्याबाबत प्रशासन विभागास कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक)

पत्रातल्या काही जागा

विषयाच्या ओळीत तारखा आणि वेळ दोन्ही आहेत. आवक रजिस्टरमध्ये कारकून विषयच उतरवतो. ‘सवलत मिळणेबाबत’ एवढंच लिहिलं तर महिन्याने तो अर्ज शोधूनही सापडत नाही. ‘सवलत’ हा शब्दही मी टाळला असता. तुम्ही आठ तासांचे आठच तास भरताय.

कारण चार वाक्यांत संपलं आहे, आणि ते तेवढंच हवं. ‘मी कामावर येऊ लागल्यापासून’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत, ‘सहा महिने तर रजा झाली’ या न विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर देतात. स्तनपान, टाके, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याची बदली यातलं काही नाही. ते खरं असलं तरी हे पत्र तुमच्या फाइलला लागणार आहे, बढतीच्या वेळी दुसराच कुणीतरी ते चाळणार आहे. त्याच कारणाने ‘माझ्याकडून चुका होत आहेत’ असं लिहू नका. ‘अचूकता टिकावी’ म्हटलं की तोच अर्थ पोचतो आणि कबुलीजबाब होत नाही.

दोनदा-तीनदा क्षमा मागू नका. शेजारच्या शाखेत कुणाला काय मिळालं, तेही लिहू नका. ते माहीत असेल तर तोंडी सांगा. साहेबांना तो आधार हवाच असतो, पण लेखी नको असतो.

खाजगी कंपनीत हेच सगळं ई-मेलवर आणि बहुधा इंग्रजीत जाईल. तिथे ‘महोदय’ वगैरे गळेल, पण क्रम हाच ठेवा: काय हवं, का, काम कसं चालेल, कधी संपेल. आधी मराठीत लिहून काढलं तर बरं. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की आर्जवाचे ठरलेले तुकडे आपोआप येऊन बसतात.

होकार आल्यावर

अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. तोंडी ‘ठीक आहे, ये तू उशिरा’ यावर थांबू नका. यात साहेबांवर अविश्वास नाही. हजेरीचं यंत्र साहेबांचं बोलणं ऐकत नाही. यंत्रात वेळ बदलली नसेल तर रोज लेट मार्क लागतो आणि बऱ्याच ठिकाणी तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा कापली जाते. सहा आठवड्यांत किती रजा जाईल ते मोजा. पहिल्या आठवड्याच्या शेवटी आपली हजेरी स्वतः उघडून बघा. लेट मार्क दिसले तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. पगार झाल्यावर ते उलटवायला दुप्पट कागद लागतात.

लेखी आदेश येत नसेल तर तुम्हीच दोन ओळींचा मेल पाठवा: ‘आज झालेल्या बोलण्यानुसार मी दि. ६ जुलैपासून १४ ऑगस्टपर्यंत स. १०.४५ ते सायं. ६.४५ या वेळेत येईन. हजेरीत तसा बदल करावा.’ समोरून ‘ओके’ आलं तरी पुरतं.

आणि मंजूर वेळ पावणेअकराची असेल तर पावणेअकराला खुर्चीत असा. सवलतीच्या वेळेवरही पाच-दहा मिनिटं उशीर होऊ लागला की शाखेत कुजबुज सुरू होते आणि आढाव्याच्या दिवशी ती टेबलावर येते. धायरीहून येताना सिंहगड रस्त्याची कोंडी पावणेदहाला वेगळी आणि पावणेअकराला वेगळी असते. नव्या वेळेने एकदा जाऊन बघा.

अर्धा होकार किंवा नकार

‘तास नाही, अर्धा तास घे’ असं आलं तर लगेच नाकारू नका. नोंद पुन्हा काढा. अर्ध्या तासाने झोपेचं चक्र पूर्ण होत नसेल तर वेगळं मागून बघा: रोज अर्ध्या तासाऐवजी आठवड्यातले तीन दिवस एक तास. उदाहरणातल्या आईने मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार मागितले असते, कारण सोमवारी शाखेत गर्दी असते आणि सोमवार सोडला की साहेबांचा विरोध निम्मा होतो. चावीचा प्रश्न मात्र तीन दिवसांतही तसाच राहतो, ती पूर्ण काळासाठीच द्यावी लागते.

पूर्ण नकार आला तर कारण विचारा आणि तेवढंच सोडवा. ‘चावी दुसऱ्याला देता येत नाही’ हे कारण असेल तर तात्पुरतं चावी नसलेलं टेबल मागा. ‘इतरही मागतील’ हे कारण असेल तर तुमच्या पत्रात तारीख आहे, कामाचे तास पूर्ण आहेत आणि बदली माणूस ठरलेला आहे, याची आठवण करून द्या. हे तिन्ही घेऊन येणारे फार नसतात. घराजवळच्या शाखेत तात्पुरती नियुक्ती हाही एक मार्ग आहे. धायरीजवळची शाखा मिळाली तर प्रवासातला अर्धा तास वाचतो आणि वेळ बदलावीही लागत नाही.

नकारावर भांडून तक्रारीचा अर्ज करण्यात अर्थ नाही, कारण हा हक्क नाही. मात्र त्याच बोलण्यात पाजण्याची वेळही नाकारली गेली, किंवा ‘जमत नसेल तर राजीनामा दे’ असं कुणी सुचवलं, तर तारीख-वार लिहून ठेवा आणि मनुष्यबळ विभागाला लेखी कळवा. राजीनाम्याचं बोलणं निघालं तर त्या दिवशी कशावरही सही करू नका. सलग झोप न मिळालेल्या अवस्थेत घेतलेला तो निर्णय नंतर मागे घेणं अवघड जातं.

मुदत संपताना

शेवटच्या आठवड्याआधी पुन्हा चार-पाच रात्रींची नोंद ठेवा. बाळ दोनदाच उठत असेल तर ठरल्या तारखेला नेहमीची वेळ धरा, चावी रजिस्टरला नोंद करून परत घ्या आणि साहेबांना एका ओळीत कळवा. अजून गरज असेल तर मुदत संपायच्या किमान आठवडाभर आधी लिहा, संपल्यावर लिहू नका. मुदतवाढीचं पत्र छोटं असतं: ‘दि. २४ जुलै रोजीच्या आढाव्यात कामात अडचण आढळली नाही. बाळाचे रात्रीचे जागणे कमी होत आहे, परंतु पूर्ण थांबलेले नाही. म्हणून हीच व्यवस्था दि. ११ सप्टेंबरपर्यंत, मात्र एक तासाऐवजी अर्ध्या तासासाठी, चालू ठेवावी.’ दुसऱ्यांदा मागताना वेळ कमी करून मागितली की सही लवकर होते. सहकाऱ्याला मात्र पुन्हा विचारा. पहिल्या सहा आठवड्यांचा होकार त्याने पुढच्या चारसाठी दिलेला नसतो, आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये त्याच्याही घरी गणपती असतील.